डोक्याभोवती आवळलेला पट्टा: सतत काळजी करणाऱ्यांची डोकेदुखी

प्रश्न: माझं वय ३६. आठ-नऊ महिन्यांपासून दुपारनंतर कपाळापासून मागेपर्यंत कुणीतरी पट्टा आवळल्यासारखं वाटतं. दोन्ही बाजूंना सारखंच. उलटी वगैरे होत नाही, जिने चढलो तरी वाढत नाही. एमआरआय नॉर्मल आला, चष्म्याचा नंबरही तपासला. मेडिकलमधून आणलेली गोळी आठवड्यातून चार-पाच वेळा घेतो, दोन तास बरं वाटतं. स्वभाव लहानपणापासून काळजीचा आहे. सगळे म्हणतात टेन्शन घेऊ नकोस. पण दुखतं हे खरं आहे, आणि रात्री वाटतं की गाठच असेल, एमआरआयमध्ये दिसली नसेल. नक्की काय आहे हे?

उत्तर:

हे वर्णन ताणजन्य डोकेदुखीचे आहे, म्हणजे डॉक्टर ज्याला ‘टेन्शन हेडेक’ म्हणतात तिचे. या निदानासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या २०१८ च्या वर्गीकरणात ही डोकेदुखी चार खुणांवरून ओळखली जाते: दोन्ही बाजूंना असणे, ठणकण्याऐवजी दाबल्यासारखे किंवा आवळल्यासारखे वाटणे, तीव्रता सौम्य ते मध्यम असणे, आणि चालण्याने किंवा जिने चढण्याने न वाढणे. यांपैकी निदान दोन खुणा असाव्यात आणि उलटी नसावी. अर्धशिशीचे चित्र बहुधा उलटे असते. तिच्यात डोके ठणकते, मळमळते, उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होतात, जिना चढला की प्रत्येक पायरीगणिक घण बसतो आणि माणूस अंधाऱ्या खोलीत पडून राहतो. ताणजन्य डोकेदुखीचा माणूस दुखत असतानाही काम करत राहतो, आणि म्हणूनच त्याचे दुखणे कुणी मनावर घेत नाही.

गाठीचा प्रश्न आधी निकालात काढतो, कारण तो मनात असेपर्यंत पुढचे काहीच कानात शिरत नाही. काही लक्षणांना मी कधीही ‘ताण’ म्हणून सोडत नाही: एका मिनिटाच्या आत शिगेला पोचणारी, आयुष्यात कधीच अनुभवली नव्हती अशी डोकेदुखी, ताप आणि मान ताठरणे, हातापायातील अशक्तपणा, बोलण्यात अडखळणे, फीट किंवा दृष्टी अंधूक होणे, पहाटे जाग आणणारी, आडवे झाल्यावर किंवा खोकल्यावर वाढणारी आणि उलटीसह येणारी डोकेदुखी, वयाच्या पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली, डोक्याला मार लागल्यानंतरची, आणि गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने आलेली. यांतले एकही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आठ-नऊ महिने एकाच चालीने चाललेली, दुपारनंतर येणारी डोकेदुखी, जोडीला दुसरे काहीही नाही, एमआरआय स्वच्छ, आणि मज्जासंस्थेची व डोळ्याच्या पडद्याची तपासणीही व्यवस्थित असेल, तर या चित्रात गाठ बसत नाही. एमआरआय पुन्हा करू नये, असेच मी सांगेन. दुसऱ्या खेपेला अहवालात ‘सायनसचे अस्तर किंचित जाड’ किंवा ‘पांढरा बारीक ठिपका’ असे एखादे निरुपद्रवी वाक्य येते आणि काळजी करणाऱ्या माणसाला पुढच्या सहा महिन्यांची बेगमी मिळते.

मग दुखते ते काय? एक लहानसा प्रयोग करून पाहावा. दोन्ही हातांची बोटे कानाच्या वर, कानशिलांवर ठेवा आणि दात घट्ट आवळा. बोटांखाली काहीतरी फुगून वर येईल. तो चावण्याचा स्नायू आहे. तो पंख्यासारखा कवटीच्या बाजूवर पसरलेला असतो. कपाळावर एक स्नायू आहे, डोक्याच्या मागे एक आहे, आणि हे दोन्ही टाळूवरून जाणाऱ्या एका पातळ, चिवट पडद्याने जोडलेले आहेत. मागे, कवटी जिथे मानेवर टेकते तिथे, लहान स्नायूंची गर्दी असते आणि त्यांच्या खाली खांद्यापर्यंत उतरणारा मोठा स्नायू. ही सगळी रचना डोळ्यांसमोर आणली की पट्ट्याचा आकार कुठून येतो ते समजते. तपासताना मी दोन बोटांनी हलकासा गोल दाब देत कपाळ, कानशिले, जबड्याचा कोपरा, मानेची मागची बाजू आणि खांद्याचा वरचा काठ असा फिरतो. बहुतेक वेळा रुग्ण कुठेतरी दचकून म्हणतो, ‘हेच, इथूनच सुरू होतं.’ खांद्याच्या काठावर दाबले आणि दुखणे कानशिलात जाणवले, असेही पुष्कळदा घडते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पूर्वी समजूत अशी होती की स्नायू सतत घट्ट आवळून राहतात म्हणून डोके दुखते. स्नायूंची विद्युत नोंद घेतल्यावर दिसले की आकुंचन थोडेसेच वाढलेले असते, कधीकधी मुळीच नाही, आणि ते वेदनेच्या मानाने फारच तोकडे पडते. वाढलेला असतो तो हळवेपणा. स्नायूंतून आणि त्यांच्या आवरणांतून येणारे बारीक संदेश महिनोन्‌महिने पाठीच्या कण्याच्या वरच्या टोकाशी आणि मेंदूच्या देठाशी पोचत राहिले, की तिथले तंत्र संवेदनशील होते आणि जे आधी नुसते ‘जड’ वाटायचे ते ‘दुखते’ म्हणून वर जाते. त्याच जागी वरून खाली येणारी एक यंत्रणा अशा संदेशांना चाळणी लावत असते. अपुरी झोप, खिन्नता आणि सतत जागी असलेली काळजी यांमुळे ही चाळणी सैल पडते. म्हणून ‘मनाचे खेळ आहेत’ हे जितके चुकीचे, तितकेच ‘नस दबली आहे’ हेही चुकीचे. वेदना खरी असते, फक्त तिचा आवाज ज्या ठिकाणी वाढवला जातो ते ठिकाण एमआरआयमध्ये दिसत नाही.

काळजीखोर माणसाच्या बाबतीत याला आणखी एक पदर असतो. सतत काळजी करणे म्हणजे न घडलेल्या गोष्टीसाठी शरीर तयार ठेवणे. भुवया किंचित जवळ, दात एकमेकांना टेकलेले, खांदे बोटभर वर. हे इतके हलके असते की त्याला स्वतःला कळत नाही. निरोगी माणसाचे वरचे आणि खालचे दात दिवसभरात फक्त चावताना आणि गिळताना एकमेकांना लागतात, एरवी ओठ मिटलेले आणि दात सुटे असतात. हे वाचताना आपले दात कसे आहेत ते पाहावे. आणि मग दुखू लागले की तेच दुखणे काळजीचा नवा विषय होते. माणूस डोके चाचपून पाहतो, दिवसातून तीनदा रक्तदाब मोजतो, इंटरनेटवर शोधतो, घरच्यांना ‘हे वेगळे तर नाही ना’ असे विचारतो. प्रत्येक वेळी तासभर दिलासा मिळतो आणि डोक्याकडे पाहत राहण्याची सवय पक्की होते.

एका रुग्णाची गोष्ट सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून. ४१ वर्षांच्या बाई, तालुक्याच्या गावी पतसंस्थेत रोखपाल. वडिलांना पक्षाघात झालेला, मुलगा बारावीला. पहिल्या भेटीत त्यांनी पिशवीतून दोन चष्मे, एक एमआरआय आणि गोळ्यांच्या चार पट्ट्या टेबलावर मांडल्या आणि म्हणाल्या, ‘रोज, चोवीस तास दुखतं, एक दिवस सोडत नाही.’ मी औषध लिहिले नाही. एक वही करायला सांगितली, ३० दिवसांची, प्रत्येक दिवसाला एक ओळ. किती वाजता सुरू झाले, किती तीव्र, कोणती गोळी घेतली, रात्री किती तास झोप. तीव्रता तीनच पायऱ्यांत लिहायची: विसरता येते ती १, काम होते पण विसरता येत नाही ती २, काम थांबवावे लागते ती ३. ‘कशामुळे दुखले’ हा रकाना मी मुद्दाम देत नाही, कारण काळजीखोर माणूस त्या रकान्यात महिनाभरात निम्मे जग लिहितो आणि शेवटी दही, पंखा आणि मोबाइल सोडून बसतो.

महिन्याने वही आली तेव्हा ३० पैकी २३ दिवस दुखले होते. तिसऱ्या पायरीचे दिवस फक्त दोन. सात दिवस अजिबात दुखले नव्हते आणि त्यांतले चार सलग होते, माहेरच्या लग्नाचे. बॅन्ड, जागरण, अवेळी जेवण आणि तरीही डोके शांत. कामाच्या दिवशी दुखणे तीन-साडेतीनला सुरू होत होते, म्हणजे रोकड मेळ घालायच्या वेळी, आणि रविवारी संध्याकाळी सहाला. मी त्यांना माझ्यासमोर शंभर कागदी चिठ्ठ्या नोटांसारख्या मोजायला सांगितल्या. पंचवीसच्या पुढे जाईपर्यंत जबड्याचा कोपरा घट्ट दिसू लागला होता. मेळ बरोबर आला तरी त्या रोज तीनदा मोजत होत्या. आणि वहीतल्या गोळ्या मोजल्या तर १७ दिवसांच्या निघाल्या.

गोळ्यांच्या या आकड्यापाशी जरा थांबतो, कारण प्रश्नात लिहिलेला हिशेबही तसाच आहे. आठवड्याला चार-पाच म्हणजे महिन्याला अठरा-वीस. साधी वेदनाशामक गोळी, म्हणजे नुसते पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस असे तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर ती स्वतःच डोकेदुखी टिकवून धरू लागते. पॅरासिटामॉलबरोबर कॅफीन किंवा आणखी एखादे वेदनाशामक मिसळलेली गोळी असेल तर ही सीमा १० दिवसांवरच येते. दुकानातून ‘डोकेदुखीची गोळी’ म्हणून मागितली की अशी मिश्र गोळी हातात पडण्याचा संभव बराच असतो, तेव्हा पट्टीमागचे घटक वाचावेत. गोळीचा अंमल उतरला की डोके पुन्हा आवळते, माणूस पुन्हा गोळी घेतो. दोन तासच बरे वाटण्यामागे हे चक्र असण्याची दाट शक्यता आहे, आणि ते चालू असेपर्यंत इतर उपचार फारसे लागू पडत नाहीत.

बाईंच्या मिश्र गोळ्या आम्ही एका शनिवारी एकदम बंद केल्या. साध्या वेदनाशामकांच्या बाबतीत हे घरी करता येते. झोपेच्या किंवा अफूवर्गीय औषधांच्या बाबतीत मात्र एकदम थांबवणे धोक्याचे असते, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागतात. बंद केल्यानंतर दोन ते दहा दिवस डोकेदुखी वाढते, हे आधी सांगितले नाही तर माणूस तिसऱ्या दिवशी घाबरून पुन्हा पट्टी फोडतो. त्यांचे तिसरा ते सहावा हे दिवस वाईट गेले. त्यानंतर नियम ठरला: फक्त साधे पॅरासिटामॉल, एका वेळी १००० मिलिग्रॅम, आठवड्यातून जास्तीत जास्त दोन दिवस, आणि तेही दुखणे दुसऱ्या पायरीवर गेल्यावर. यकृताचा आजार किंवा रोजचे मद्यपान असेल तर हे प्रमाणही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस असे तीन महिन्यांहून जास्त काळ डोके दुखत असेल तर रोज घ्यायच्या प्रतिबंधक औषधाचा विचार होतो. त्यात सर्वांत जुने आणि अजूनही पहिले औषध म्हणजे अमिट्रिप्टिलीन. ते मुळात खिन्नतेवरचे औषध आहे, परंतु येथे त्याची मात्रा पुष्कळ कमी असते आणि काम वेगळे असते, वर सांगितलेली चाळणी घट्ट करण्याचे. चिठ्ठीवर त्याचे नाव वाचून ‘मला वेडाची गोळी दिली’ असे समजून बंद करणारे पुष्कळ असतात, म्हणून मी हे आधीच सांगून टाकतो. बाईंना ईसीजी पाहून १० मिलिग्रॅमने, झोपण्याच्या दोन तास आधी, सुरुवात केली आणि दोन टप्प्यांत २५ वर नेले. तोंड कोरडे पडणे, सकाळी जडपणा, बद्धकोष्ठ आणि वजन वाढणे हे त्याचे नेहमीचे त्रास. काचबिंदू, लघवी अडण्याचा त्रास किंवा हृदयाच्या ठोक्यांचा आजार असेल तर ते टाळावे लागू शकते. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि बरेच लोक दुसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडतात. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या मी या दुखण्यासाठी देत नाही. पहिल्या रात्री त्या छान वाटतात, पण काही आठवड्यांत सवय लागते, आणि मूळ आजाराच्या जोडीला ती सोडवण्याचे काम येऊन बसते.

औषधाच्या जोडीने काय करायचे हा प्रश्न दुय्यम नाही. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनाट ताणजन्य डोकेदुखीच्या सुमारे २०० रुग्णांचे गट करण्यात आले होते. डोकेदुखी निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटलेल्यांचे प्रमाण फक्त औषध घेणाऱ्यांत ३८ टक्के, फक्त ताण हाताळण्याचे शिक्षण घेणाऱ्यांत ३५ टक्के, आणि दोन्ही मिळालेल्यांत ६४ टक्के होते. नकली गोळी घेणाऱ्यांतही ते २९ टक्के होते, हे मी लपवत नाही. त्यावरून एकेकट्या उपायाची ताकद किती माफक आहे ते कळते.

ताण हाताळण्याच्या शिक्षणातले मुख्य तंत्र स्नायू सैल करण्याचे आहे. शिकागोच्या एडमंड जेकबसन यांनी ते गेल्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केले. खुर्चीत टेकून बसावे. आधी मुठी, मग खांदे कानांकडे, मग कपाळ, मग डोळे, मग जबडा असा क्रम घ्यावा. प्रत्येक जागा पाच ते सात सेकंद निम्म्या जोराने आवळावी आणि मग अर्धा मिनिट सोडून द्यावी. जबडा तर आणखी हलकेच. खरे काम आवळण्याचे नाही, सोडल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात दोन्ही अवस्थांतला फरक जाणवून घेण्याचे आहे, कारण या माणसांना ‘थोडे आवळलेले’ आणि ‘सैल’ यांतला फरकच ओळखू येत नाही. रोज पंधरा मिनिटे, दोनदा, दुखत असो वा नसो. चुका नेहमी दोन होतात. एक म्हणजे फक्त डोके दुखल्यावरच करणे, जे पूर आल्यावर पोहणे शिकण्यासारखे आहे. दुसरी म्हणजे दर मिनिटाला ‘सैल झालो का’ अशी परीक्षा घेणे. चार-पाच आठवड्यांनी आवळण्याची गरज राहत नाही, नुसते सोडता येते. मग ते कामात पेरायचे. बाईंनी नोटांचे प्रत्येक बंडल रबर लावून खाली ठेवताना ‘ओठ मिटलेले, दात सुटे, खांदे खाली’ एवढे करायचे ठरवले. मेळ एकदाच मोजायचा आणि फार तर दुसऱ्यांदा तपासायचा, तिसऱ्यांदा नाही, हेही त्यात आले. पहिले आठ दिवस त्यांना तिसरी मोजणी टाळताना डोकेदुखीपेक्षा जास्त त्रास झाला.

आणि काळजीसाठी एक ठरावीक वेळ. ‘टेन्शन घेऊ नकोस’ हा सल्ला पाळता येत नाही, कारण काळजी कुणी ठरवून घेत नसते. मात्र ती पुढे ढकलता येते. संध्याकाळी सहा ते सव्वासहा, एकाच जागी बसून, कागदावर लिहायचे. प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न: यावर उद्यापर्यंत मी करू शकेन असे काही काम आहे का? असेल तर ते काम लिहायचे, नसेल तर ओळ तशीच सोडून द्यायची. दिवसा विचार आला तर दोन शब्द टिपून ‘सहाला’ म्हणायचे. झोपण्याआधीच्या दोन तासांत ही बैठक ठेवू नये. डोके चाचपणे, रक्तदाब मोजणे आणि गाठीची शोधाशोध करणे याही गोष्टी त्याच पंधरा मिनिटांत ढकलायच्या, आणि तिथे पोचल्यावर त्यांतल्या बऱ्याच नकोशा वाटतात.

काळजी सहा महिन्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस आवरत नसेल, सोबत झोप बिघडणे, थकवा, चिडचिड आणि लक्ष न लागणे असेल, तर तो डोकेदुखीचा नुसता साथीदार नसून स्वतंत्र आजार असू शकतो, आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. तिथे दिली जाणारी नेहमीची औषधे काळजीवर चांगली चालतात, पण डोकेदुखीवर त्यांचा परिणाम कमी दिसतो. व्हेन्लाफॅक्सिनसारखे औषध काही रुग्णांत दोन्हीकडे उपयोगी पडते. म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवाव्यात, न विचारता या औषधांची सरमिसळ करू नये.

बाईंच्या तिसऱ्या महिन्याच्या वहीत १० दिवस आणि ४ गोळ्या होत्या. सहाव्या महिन्यात औषध हळूहळू कमी केले. पुढच्या मार्चअखेरीस लेखापरीक्षणाच्या आठवड्यात पट्टा पाच दिवस परत आला, तेव्हा त्यांचा फोन आला. मी विचारले, तिसऱ्यांदा मोजणे सुरू झाले आहे का? थोडा वेळ थांबून त्या म्हणाल्या, ‘चौथ्यांदा.’ औषध पुन्हा सुरू केले नाही, वही सुरू केली. एप्रिलमध्ये दुखण्याचे सहा दिवस निघाले, तिसऱ्या पायरीचा एकही नाही.